पेंडीची थप्पी आणि पहिला उतार: प्रकल्प नोंदी, इंदूर

24 फेब्रुवारी 2025, सोमवार

विषय आज पक्का झाला. मॅडमना मी तीन विषय सांगितले होते. त्यातले दोन त्यांनी बाजूला ठेवले आणि तिसऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "हा प्रश्न तुला कुठून मिळाला?" मी म्हटलं, मामाकडून.

मामा देवास रस्त्यावरच्या एका तेलगिरणीच्या गोदामात काम करतात. एक्सपेलरमधून निघालेल्या सोयाबीनच्या पेंडीत थोडं तेल उरतंच, आणि ते तेल हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू उष्णता सोडत राहतं. पोत्यांची थप्पी फार जाड लागली तर मधली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. समुद्रवाहतुकीच्या नियमांत अशा पेंडीला यूएन 1386 हा क्रमांक आहे आणि तिची गणना आपोआप तापणाऱ्या मालात होते. मामांचा प्रश्न साधा होता: "थप्पी किती जाड चालेल, ते तुमचं गणित सांगतं का गं?"

भिंतीसारखी लांब आणि उंच थप्पी धरली तर उष्णता फक्त जाडीच्या दिशेने वाहते. मग एकच चल उरतो, x, एका बाजूला 0 आणि दुसऱ्या बाजूला 1. फ्रँक-कामेनेत्स्की यांनी 1939 मध्ये घातांकाचं जे सुलभीकरण दिलं, ते वापरलं की समीकरण असं होतं:

```
y'' + lam * exp(y) = 0,   y(0) = 0,   y(1) = 0
```

इथे y म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा थप्पी किती जास्त तापली त्याचं माप. हवा 40 अंश सेल्सिअस आणि क्रियेची सक्रियण ऊर्जा 100 किलोज्यूल प्रति मोल धरली तर y चं एक एकक म्हणजे सुमारे 8.1 अंश. ही सक्रियण ऊर्जा मी गृहीत धरली आहे, मामांच्या पेंडीवर मोजलेली नाही. `lam` मध्ये उष्णता निर्माण होण्याचा वेग, पेंडीची वाहकता आणि जाडीचा वर्ग असं सगळं एकत्र आलेलं आहे. जाडी दुप्पट केली की `lam` चौपट होतो. माझ्या सगळ्या हिशेबात 2 मीटर जाडीला `lam = 1` धरायचं ठरवलं.

या समीकरणाला ब्राटूचं समीकरण म्हणतात. त्याचं उत्तर सूत्रातही मिळतं, म्हणून मॅडमनी ते मान्य केलं. "उत्तर माहीत असलेल्या ठिकाणी पद्धत कुठे फसते ते नीट दिसतं," असं त्या म्हणाल्या.

27 फेब्रुवारी, गुरुवार

काल महाशिवरात्रीची सुट्टी होती, घरी बसून प्रोग्रॅम लिहिला.

अडचण अशी आहे की दुसऱ्या क्रमाचं समीकरण एका टोकापासून चालवत न्यायचं तर सुरुवातीला दोन गोष्टी लागतात, y आणि त्याचा उतार. आपल्या हातात सुरुवातीची एकच आहे, y(0) = 0. दुसरी अट पलीकडच्या टोकाला बसली आहे. शूटिंग पद्धतीत सुरुवातीचा उतार s आपण अंदाजाने धरतो, समीकरण x = 1 पर्यंत चालवतो आणि y(1) किती आलं ते पाहतो. या y(1) ला मी F(s) म्हणते. F(s) = 0 करणारा s सापडला की काम झालं.

```python
import math

def F(s, lam, n=200):
    h, y, v = 1.0/n, 0.0, s
    f = lambda y: -lam*math.exp(y)
    for _ in range(n):
        k1, m1 = v, f(y)
        k2, m2 = v + h*m1/2, f(y + h*k1/2)
        k3, m3 = v + h*m2/2, f(y + h*k2/2)
        k4, m4 = v + h*m3, f(y + h*k3)
        y += h*(k1 + 2*k2 + 2*k3 + k4)/6
        v += h*(m1 + 2*m2 + 2*m3 + m4)/6
    return y
```

हे चौथ्या क्रमाचं रुंगे-कुट्टा, 200 पावलांचं. s सुधारण्यासाठी छेदिका पद्धत, म्हणजे सेकंट. दोन अंदाजांचे F काढायचे, आलेखावरच्या त्या दोन बिंदूंतून सरळ रेषा न्यायची आणि ती शून्याला जिथे छेदते तो पुढचा अंदाज घ्यायचा. न्यूटनच्या पद्धतीला F चा विकलज लागतो, त्यासाठी आणखी एक समीकरण सोबत चालवावं लागतं. छेदिकेला ते लागत नाही, प्रत्येक फेरीत फक्त एक नवी धाव.

```python
def chhedika(G, a, b, tol=0.01):
    Ga, Gb = G(a), G(b)
    for k in range(30):
        m = (Gb - Ga)/(b - a)
        a, Ga = b, Gb
        b = b - Gb/m
        Gb = G(b)
        print(b, Gb, m)
        if abs(Gb) < tol:
            return b
```

`tol` 0.01 ठेवला, कारण y मधला 0.01 म्हणजे अंशाचा बारावा भाग. थप्पीच्या बाहेरच्या पोत्यावर तेवढी चूक कोणाला जाणवणार, असा माझा हिशेब होता. (हा हिशेब चुकीचा होता. 11 मार्चची नोंद पाहा.)

`lam = 1` घेऊन 0 आणि 1 हे दोन अंदाज दिले. धाव लगेच थांबू नये म्हणून आजच्यापुरता `tol` बारीक केला:

```
s          F(s)
0.00000   -0.46316
1.00000    0.36269
0.56083    0.00944
0.54909   -0.00022
0.54935    0.00000
```

उतार शून्य धरला तर पलीकडचं टोक हवेपेक्षाही थंड निघतं, एक धरला तर गरम. तिसऱ्या अंदाजाला चूक शंभरातल्या एका भागाखाली आणि पाचव्याला जवळपास नाहीशी. सूत्राने येणारा उतारही 0.54935 आहे. थप्पीच्या मध्यावर y = 0.1405, म्हणजे हवेपेक्षा सव्वा अंशाहूनही कमी. 2 मीटरची थप्पी या प्रतिमानात शांत आहे.

दोन पडताळे घेतले. 200 ऐवजी 400 पावलं टाकली तरी हे आकडे बदलत नाहीत. शिवाय v² + 2·lam·e^y ही राशी वाटेत कुठेही बदलायला नको. दोन्ही टोकांना y शून्य असल्यामुळे शेवटचा उतार बरोबर -s यायला हवा, आणि तसा तो येतो.

4 मार्च, मंगळवार

आज एक गोष्ट सापडली आणि तिच्यातच दिवस गेला.

अंदाज बदलले तर किती फेऱ्या लागतात त्याचा तक्ता करत होते. `lam` तोच, 1. अंदाज 5 आणि 6 दिले. तिथून 0.549 पर्यंत यायला चार-दोन फेऱ्या जास्त लागतील असं वाटलं होतं. झालं ते असं:

```
s          F(s)
5.00       2.2377
6.00       2.1810
44.4     -27.9
8.79       1.18
10.23      0.38
```

पुढे 10.91, आणि मग 10.8469 वर स्थिर. पलीकडचं टोक अगदी शून्यावर. प्रोग्रॅमच्या दृष्टीने काम फत्ते.

आधी वाटलं माझी कुठेतरी चूक आहे. 44 वर उडी का, ते आकडे पाहिल्यावर कळलं: 5 आणि 6 इथे F जवळजवळ सारखाच आहे, म्हणून रेषा जवळपास आडवी, आणि आडवी रेषा शून्याला फार दूर जाऊन छेदते. पण 10.8469 चं काय? 400 पावलं टाकली, 800 टाकली, उत्तर तेच. शेवटचा उतार -10.8469. मग सूत्राकडे गेले. त्यात एक आकडा θ असतो, जो θ = √(2·lam)·cosh(θ/4) या अटीतून काढतात. आतापर्यंत मी त्याचं एकच मूळ, 1.5172, काढलं होतं. cosh चा आलेख वर वळतो, तेव्हा सरळ रेषा त्याला दोनदा छेदू शकते. दुसरं मूळ 10.9387. त्यावरून उतार 10.8469.

म्हणजे ही चूक नव्हती. एकाच थप्पीची दोन खरी उत्तरं आहेत. पहिल्यात मध्य हवेपेक्षा 1.1 अंश गरम. दुसऱ्यात मध्यावर y = 4.09, म्हणजे 33 अंश गरम. दोन्हीत दोन्ही टोकं हवेच्या तापमानाला.

संध्याकाळी रामबागेतून घरी येताना हाच विचार चालू होता. मामांनी मला जाडी विचारली आहे आणि मी कुठून नेम धरते त्यावर उत्तरात 32 अंशांचा फरक पडतो. टोक जुळलं एवढं सांगून भागणार नाही.

6 मार्च, गुरुवार

मॅडमना दोन्ही तक्ते दाखवले. त्यांनी उत्तर दिलं नाही, उलट विचारलं, "छेदिकेत तू भागतेस कशाने?"

`m` ने. दोन बिंदूंतल्या रेषेचा उतार. तो मी छापत होते, पण वाचत नव्हते. पहिल्या धावेत शेवटी `m` सुमारे +0.82 वर स्थिरावला होता, दुसरीत -0.62 वर.

चिन्ह उलटं आहे. त्याचा अर्थ समजायला फळ्यावर दोन जवळजवळचे मार्ग काढले. दुसरा पहिल्यापेक्षा किंचित जास्त उताराने सुटतो, म्हणून सुरुवातीला तो वर असतो. शेवटीही तो वरच राहिला तर `m` धन. पण शेवटी खाली गेला तर दोन्ही मार्गांनी वाटेत एकमेकांना छेदलेलं असणार. गरम मार्गावर तसंच होतं: जास्त उताराने सुटलेला मार्ग जास्त तापतो, जास्त तापल्यामुळे e^y वाढतो, आणि त्यामुळे तो आणखी जोरात खाली वाकतो. 10 ने सुटलेला मार्ग पलीकडे +0.51 वर पोचतो, 12 ने सुटलेला -0.74 वर.

मॅडम म्हणाल्या, "आता काळ आण." थप्पी स्थिर अवस्थेत आहे आणि तिचं तापमान जरासं ढळलं, तर ती परत येते की आणखी दूर जाते? तो प्रश्न सोडवायला जे रेषीय समीकरण लागतं, तेच समीकरण जवळच्या दोन मार्गांमधलं अंतरही पाळतं. अंतर वाटेत कुठेच शून्य झालं नाही, तर ढळलेलं तापमान विरून जातं. मध्येच शून्य होऊन उलटलं, तर वाढत जातं. याला स्टर्मच्या प्रमेयाचा आधार आहे, तो भाग अहवालात वेगळा लिहीन.

तेव्हा थंड उत्तर टिकणारं, गरम उत्तर न टिकणारं. आणि हे सांगण्यासाठी वेगळी धाव लागत नाही, छेदिकेच्या शेवटच्या भाजकाचं चिन्ह पाहिलं की पुरतं. प्रोग्रॅममध्ये आता s, F आणि m तिन्ही आकडे उत्तरासोबत परत येतात, आणि m ऋण असेल तर ठळक ओळ छापली जाते.

9 मार्च, रविवार

मामा जेवायला आले होते. गरम उत्तराचं त्यांना सांगितलं: अशी एक अवस्था आहे की थप्पी तिच्याखाली राहिली तर थंड होत जाते आणि तिच्यावर गेली तर तापतच जाते. ते चटकन म्हणाले, "म्हणूनच गरम माल थप्पीला लावत नाहीत. कूलरमधून काढून, हात लावून बघितल्याशिवाय पोती शिवायची नाहीत."

मी फक्त हवेच्या तापमानाला लावलेल्या थप्पीचा विचार करत होते. 2 मीटरची थप्पी थंड पेंडीने लावली तर शांत आहे, पण तीच थप्पी मशीनवरून उतरलेल्या, आतून पन्नास अंशांनी गरम असलेल्या पेंडीने लावली तर गरम उत्तराच्या वर सुरू होईल. दुसरं मूळ टाकून द्यायचं नाही, अहवालात ते उंबरठा म्हणून येईल.

मामांनी जाडीचं पुन्हा विचारलं. म्हटलं, आठवडाभर द्या.

11 मार्च, मंगळवार

जाडी वाढवत नेली. `lam` थोडा वाढवायचा आणि आधीचा s हाच नवा पहिला अंदाज, दुसरा त्याच्या जरासा वर. असं पावलापावलाने गेलं की थंड उत्तराचा धागा सुटत नाही.

`lam` 1, 2, 3 आणि 3.5 ला उतार 0.549, 1.248, 2.320 आणि 3.704. जाडी 2, 2.83, 3.46 आणि 3.74 मीटर. शेवटच्या अर्ध्या पावलात उतार आधीच्या पूर्ण पावलापेक्षाही जास्त वाढला.

पण हा 3.704 मला लगेच मिळाला नाही. आधी 3.6 च्या आसपासचा आकडा मिळाला, अंदाज थोडे हलवले तर 3.9, आणखी हलवले तर 4.2, आणि प्रत्येक वेळी प्रोग्रॅम म्हणाला जुळलं. कारण तो 0.01 चा `tol`. 27 तारखेला तक्त्यापुरता तो बारीक केला होता, मूळ फाइलमध्ये तो तसाच राहिला होता.

बारकाईने पाहिल्यावर कळलं. `lam = 3.5` ला F चा आलेख शून्याच्या वर जेमतेम डोकं काढतो, s = 4 ला F फक्त 0.0079. दोन मुळं आहेत, 3.704 आणि 4.307, आणि त्यांच्यामध्ये F कुठेही 0.01 पर्यंत पोचतच नाही. त्यामुळे साधारण 3.56 ते 4.45 मधला कोणताही s माझ्या कसोटीला उतरत होता. त्या दोन टोकांत थप्पीच्या मध्यावर अडीच अंशांचा फरक पडतो.

पलीकडच्या टोकाला अंशाचा बारावा भाग चुकला तर चालेल, हा माझा हिशेब `lam = 1` ला ठीक होता, कारण तिथे m 0.82 आहे आणि F मधली चूक s मध्ये जवळपास तेवढीच उतरते. 3.5 ला थंड मुळाशी m सुमारे 0.05 आहे. तीच चूक s मध्ये वीसपट होऊन येते. F किती लहान झाला हे एकटं पाहून उपयोग नाही, त्याला m ने भागून पाहायला हवं. कसोटी बदलली:

```python
        if abs(Gb) < 1e-9 and abs(b - a) < 1e-7:
            return b, Gb, m
```

`b - a` म्हणजे शेवटची सुधारणा, आणि ती मुळात F भागिले m हीच आहे.

17 मार्च, सोमवार

धुळवडीनंतर आजच बसले. `lam = 3.6`, अंदाज 0 आणि 1:

```
s        F(s)
2.43    -0.263
3.09    -0.120
3.63    -0.059
4.16    -0.051
7.66    -0.99
3.97    -0.049
```

4 च्या जवळ येतं, जवळजवळ जुळल्यासारखं वाटतं, आणि उडून जातं. परत येतं, पुन्हा उडतं. तीस फेऱ्यांनंतरही तेच. F चा पूर्ण आलेख काढला. शिखर -0.049 च्या आसपास आहे, शून्याला तो कुठेच शिवत नाही. उत्तरच नाही.

छेदिका पद्धत हे स्वतःहून सांगत नाही. तिला मूळ आहे असंच वाटत राहतं. पण खुणा दिसतात: F कधीच चिन्ह बदलत नाही, आणि m लहान होत होत धनाचा ऋण होतो. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की फेऱ्या वाढवण्यात अर्थ नाही, आलेख काढावा.

पेंडीच्या भाषेत याचा अर्थ असा की 3.6 ला, म्हणजे 3.79 मीटरला, थप्पीला स्थिर अवस्थाच नाही. थंड पेंडीने लावली तरी ती तापतच जाणार.

सीमा 3.5 आणि 3.6 च्या मध्ये आहे. ती नेमकी कशी काढायची? `lam` मध्ये पावलं बारीक करत गेले, पण सीमेजवळ m शून्याकडे जातो आणि छेदिका तिथेच लंगडते. जिथे उत्तर सगळ्यात जास्त हवं तिथे पद्धत सगळ्यात दुबळी.

19 मार्च, बुधवार, रंगपंचमी

गेर या रंगपंचमीच्या मिरवणुकीमुळे राजवाड्याकडचे रस्ते बंद, सगळे तिकडे. मी दुपारपर्यंत गेले, मग घरी येऊन केस वाळवत बसले असताना सुचलं ते लिहून ठेवते.

आतापर्यंत `lam` ठरवून s शोधत होते. एका `lam` ला दोन s, म्हणून गोंधळ. उलट केलं तर? s ठरवायचा आणि `lam` शोधायचा. उतार ठरवला की टोक जुळवणारा `lam` एकच असतो. सूत्रातूनही ते दिसतं: s वाढला की θ वाढतो, आणि θ वरून `lam` एकच येतो. वळण नाहीसं होतं, कारण वळण आलेखात नव्हतं, तो कोणत्या बाजूने पाहायचा त्यात होतं.

`chhedika` ला काही बदलावं लागत नाही, फक्त G वेगळा:

```python
chhedika(lambda lam: F(4.0, lam), 3.5, 3.6)
```

s = 4 ला दोन्ही F आधीच काढलेले होते, 0.0079 आणि -0.0486. त्यांच्यातून रेषा नेली तर पहिलाच अंदाज 3.5140. पुढच्या फेऱ्यांत 3.5138. भाजक सुमारे -0.57, शून्यापासून चांगला लांब, म्हणून कुठेही अडखळणं नाही.

मग s 3 पासून 5 पर्यंत थोडा थोडा वाढवत नेला आणि प्रत्येकाचा `lam` काढला. `lam` वाढत जातो, s = 4 ला 3.5138 होतो आणि पुढे कमी होत जातो. 3.5 चे दोन्ही उतार, 3.704 आणि 4.307, याच रेषेवर शिखराच्या दोन बाजूंना बसतात.

शिखर बरोबर 4 ला येतं हे पाहून मी थांबले. मी 4 निवडला तो फक्त मधला सोयीचा आकडा म्हणून. सूत्रात शिरून पाहिलं: शिखराची अट आहे (θ/4)·tanh(θ/4) = 1, आणि उतार आहे θ·tanh(θ/4). म्हणजे सीमेवर उतार नेमका 4, दशांशाविना. हे मला फार आवडलं. `F(4.0, lam) = 0` ही एक ओळ सोडवली की सीमा मिळते.

20 मार्च, गुरुवार

मॅडमनी पाहिलं. त्यांनी सांगितलं की स्फोट आणि ज्वलनाच्या अभ्यासात हाच आकडा निम्म्या जाडीवर मोजतात, त्यामुळे तो चारने भागून 0.878 असा येतो. भागून पाहिलं: 3.5138 भागिले 4, 0.8785. जुळलं.

सीमेवर मध्यावर y = 1.187, म्हणजे हवेपेक्षा साडेनऊ अंशांच्या थोडं वर. थप्पी जास्तीत जास्त एवढी तापून स्थिर राहू शकते, त्यापुढे स्थिर राहणं नाही. मला ही सीमा याहून कितीतरी वर असेल असं वाटलं होतं.

23 मार्च, रविवार

मामांकडे लोकमान्य नगरला गेले. कागदावर तीनच आकडे नेले होते. 2 मीटरला `lam = 1` धरलं तर सीमा 2 गुणिले √3.5138, म्हणजे 3.75 मीटर. 3.74 ला थप्पी स्थिर आहे आणि 3.79 ला नाही. आणि स्थिर असतानाही मध्य साडेनऊ अंशांपेक्षा फारसा वर जात नाही.

हे आकडे गोदामात वापरायचे नाहीत, हे त्यांना आधी सांगितलं. 2 मीटरला 1 हे मीच ठरवलं आहे. त्यांच्या पेंडीचा खरा `lam` काढायचा तर वेगवेगळ्या मापाचे नमुने भट्टीत ठेवून ते कोणत्या तापमानाला पेटतात ते मोजावं लागेल. शिवाय माझी थप्पी दोन्ही बाजूंना हवेइतकीच थंड आहे. प्रत्यक्षात थप्पीला थप्पी चिकटलेली असली तर ती बाजू थंड राहत नाही, आणि सीमा खाली येते. ओल्या पेंडीत बुरशी आणि जिवाणूही उष्णता सोडतात, ते या समीकरणात नाहीत.

मामांनी कागद दोनदा वाचला. मग विचारलं, "साडेनऊ अंश म्हणजे, आमचा थर्मामीटर मध्यभागी हवेपेक्षा बारा-पंधरा दाखवायला लागला तर?"

मी म्हटलं, या हिशेबाप्रमाणे तोवर थप्पी सीमेपलीकडे गेलेली असेल. सक्रियण ऊर्जा वेगळी निघाली तर साडेनऊचा आकडाही बदलेल.

ते थर्मामीटरची सळई सध्या पोत्यात हातभर आत घालतात. पुढच्या आठवड्यात एका थप्पीत ती मध्यापर्यंत पोचेल अशी लांब सळई करून घेणार आहेत, आणि रोज सकाळी हवेचं आणि मध्याचं तापमान माझ्यासाठी लिहून ठेवणार आहेत.

उरलेलं काम: सपाट थप्पीऐवजी गोल ढीग. त्यात समीकरणाला x ने भागणारं एक पद जोडलं जातं आणि मध्यावर ते शून्याने भागायला लागतं, तेव्हा नेम मध्यावरून नाही, जरा बाजूने धरावा लागेल. स्टर्मचा भाग लिहायचा आहे. `tol` ची जुनी ओळ फाइलमधून काढून टाकली.